आखाजीची सही

गणिताचे पेपर तपासताना मी उत्तर शेवटी बघायची. आधी पायऱ्या. उत्तर बरोबर आणि मधली पायरी गायब असली की मला वास यायचा, कारण गाळलेली पायरी शेजारच्या बाकावर सापडायची. जळगावच्या शाळेत एकतीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल असं लेकीला वाटत होतं. ती गेली नाही, उलट तिला मोकळं रान मिळालं.

लेक धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात शिकवते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी जळगावात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. गुडघे रोज जिने मोजायचे. शेवटी ठरवलं की देवपुरात लेकीजवळ, पण लेकीच्या घरात नाही, तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा. लग्नाआधी मी वडिलांच्या घरात राहिले, नंतर नवऱ्याच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये, मग घरमालकाच्या. माझ्या नावाचं दार मी आयुष्यात उघडलं नव्हतं. निवृत्तीचे सगळे पैसे त्यात जाणार होते आणि दुसऱ्यांदा चुकायला माझ्याकडे ना पैसा होता ना वय.

फ्लॅट बघताक्षणी आवडला. पूर्वेला खिडकी, स्वयंपाकघरात ओटा योग्य उंचीचा, बाहेर कडुनिंब. बिल्डर तरुण होता, मऊ बोलायचा. "मॅडम, कागद एकदम क्लिअर आहेत. याच बिल्डिंगमध्ये दोन बँकांनी लोन दिलंय. बँक काय आंधळी असते?" असं म्हणून त्यानं रंगीत झेरॉक्सची फाइल हातात ठेवली. पुढे म्हणाला, "फक्त टोकन लवकर द्या. आणखी दोन गिऱ्हाइकं लायनीत आहेत."

मला गंमत वाटली. एकतीस वर्षांत ज्या ज्या मुलानं मला घाई केली होती, त्या प्रत्येकाच्या पेपरात काहीतरी लपवलेलं निघालं होतं. टोकन दिलं नाही. फाइल मात्र पिशवीत घातली.

धुळ्यात एक म्हातारे वकील आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. लेकीच्या कॉलेजची जमिनीची कामं त्यांनीच केलेली. कोर्टासमोरच्या गल्लीत एक खोली, एक पंखा आणि भिंतीला टेकलेले फायलींचे ढीग. नानांनी माझी फाइल उघडली, पहिलं पान चाळलं आणि बंद केली.

"हे झेरॉक्स आहेत," ते म्हणाले. "मूळ कागद बघायचे. मूळ दस्त कुठे गहाण ठेवून कर्ज उचललं असेल, तर सातबाऱ्यावर कधी कधी त्याचा पत्ताही लागत नाही. आणि हा टायटल रिपोर्ट बिल्डरच्याच वकिलानं दिलाय, तोही बारा वर्षांचा. मी तीस वर्षं मागे जातो."

"तीसच का?"

"कुठेतरी थांबावं लागतं ना बाई. नाहीतर आपण औरंगजेबापर्यंत जाऊ."

मी म्हटलं, मला बरोबर न्या. नानांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या पक्षकारांना बहुतेक फक्त शेवटचा कागद हवा असतो, टायटल क्लिअर आहे एवढं लिहिलेला. मला पायऱ्या हव्या होत्या. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी अकराला यायला सांगितलं.

त्या दोन आठवड्यांत लेकीकडे राहून मी जितकं शिकले तितकं बी.एड.ला शिकले नव्हते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, म्हणजे जिथं दस्त नोंदवतात तिथं, शोधाची फी भरून पावती घ्यायची आणि वर्षवार यादी बघायची. त्या यादीला इंडेक्स टू म्हणतात. कुणी, कुणाला, कोणती मिळकत, कोणत्या दस्तानं दिली, हे तिथं असतं. अलीकडची वर्षं कॉम्प्युटरवर, ती मी घरी बसूनही बघितली होती. जुनी वर्षं मात्र वह्यांमध्ये. काही पानांच्या कडा विडीच्या कागदाइतक्या ठिसूळ झालेल्या. एका वर्षाची चार पानं गायब होती. नानांनी ते तसंच लिहून ठेवलं, की या वर्षाची अमुक पानं उपलब्ध नाहीत. "न बघितलेलं बघितलं म्हणून लिहायचं नाही," एवढंच ते म्हणाले. मला हा माणूस आवडायला लागला.

नंतर तलाठ्याकडून सातबारे आणि फेरफार काढले. फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर नाव का बदललं, त्याची नोंद. प्रत्येक बदलामागे एक फेरफार. त्या बिल्डिंगखाली एके काळी शेत होतं. शेतात काय पिकायचं, विहिरीत कुणाचा किती वाटा, बांधावर झाडं किती, सगळं त्या रुक्ष कागदांत होतं. विहिरीवरून झालेलं एक भांडणसुद्धा होतं. मी रात्रीच्या मालिका बंद केल्या आणि फेरफार वाचत बसले. मालिकेपेक्षा हे सरस होतं.

एका पतसंस्थेचा बोजा दिसला तेव्हा मी तो कागद लगेच नानांपुढं सरकवला. सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्या पतसंस्थेचं नाव होतं. बोजा म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमिनीवर त्यांचा हक्क. नानांनी पुढचा फेरफार काढला. कर्ज फिटलं होतं, संस्थेचा दाखला जोडला होता, बोजा कमी केला होता. त्यांनी बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदही तपासली. तिथं या जागेवर काही नव्हतं. बिल्डरकडचे मूळ दस्तही बघून आले, ते त्याच्याच कपाटात होते. बिनशेती आदेश होता, महापालिकेचा नकाशा होता, भोगवटा प्रमाणपत्र होतं, फ्लॅटचं घोषणापत्र नोंदवलेलं होतं. एकेका कागदावर खूण करताना मला नवं घर एकेका विटेनं जवळ येताना दिसत होतं. पडद्याचा रंगसुद्धा ठरवला.

मग मी दोन फेरफार शेजारी शेजारी ठेवले.

पहिल्यात शेताचा म्हातारा मालक वारला होता. बायको आधीच गेलेली. वारस तीन लागले, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या नावापुढे तिच्या सासरच्या गावाचं नाव, तालुका चाळीसगाव. दुसरा फेरफार वर्षभरानंतरचा. त्यात मुलीनं भावांच्या लाभात हक्कसोड लेख करून दिला, सबब तिचं नाव कमी केलं, असं होतं. पुढे दोघा भावांनी बिल्डरला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र नोंदवून दिलं होतं. बाकी साखळी सुरळीत होती. म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या भावाच्या वाटणीचा एक जुना फेरफार होता, त्यात दस्त क्रमांक. विकसनाच्या फेरफारात दस्त क्रमांक. फक्त बहिणीच्या हक्कसोडीपुढे नुसती तारीख होती, दस्त क्रमांक नव्हता.

ही पायरी गाळलेली होती.

त्या तारखेचा वार कोणता हे बघावं म्हणून मी मोबाइलमधल्या पंचांगात मागे मागे गेले. वार बुधवार होता, पण त्याखाली लिहिलेलं वाचून मी उठून बसले. ती आखाजी होती. अक्षय्य तृतीया. खानदेशात आखाजी म्हणजे सासरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणाच्या पोळ्या आणि आमरस. त्या दिवशी कुठली खानदेशी बाई ताटावरून उठून रजिस्ट्रार कचेरीत जाईल? आणि कुठला भाऊ नेईल?

सकाळी सातला मी नानांना फोन केला. ते अजून चहा पीत होते.

"तुम्हाला सांगणारच होतो," ते म्हणाले. "काल माझ्याही ते लक्षात आलं. त्या वर्षाची इंडेक्स टू मी दोनदा बघितली, पानं सगळी आहेत. हक्कसोड नोंदवलेलाच नाही. घरी स्टॅम्प पेपरवर सही घेतली असणार, तलाठ्याकडे अर्ज दिला, नाव कमी झालं. अशी कितीतरी नावं कमी झालीत या जिल्ह्यात."

"मग चालतं का ते?"

"जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. फेरफार ही महसुलाची नोंद. त्यानं मालकी जात नाही आणि येतही नाही. कागदावर नाव नाही, पण त्या बाईचा तिसरा हिस्सा अजून तुमच्या फ्लॅटखाली आहे."

"आणि दोन बँका?"

"त्यांच्या वकिलांनी आजचा सातबारा बघितला असेल. त्यावर तिचं नाव नाही."

मी तेव्हाच बिल्डरकडे गेले. तो जरा गोंधळला आणि मग पटकन सावरला. "एवढंच ना मॅडम? त्या बहिणीची, अक्कांची, सही आणून देतो. या वेळी नोंदवलेली. आखाजी पुढच्या आठवड्यात आहेच, त्या माहेरी येतीलच. एखादी चांगली पैठणी देऊ. काम झालं समजा."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. तीच आखाजी, तीच बहीण आणि तीच सही. फक्त मध्ये चारचाकी करून तिला कचेरीत नेणार, एवढीच सुधारणा.

नानांना विचारलं. "तुमच्या बाजूनं बघाल तर ठीक आहे," ते म्हणाले. "नोंदवलेला दस्त झाला की तुमचं टायटल पुरं होईल. तुम्ही मध्ये पडू नका बाई. तिला जाऊन काही बोललात आणि तिनं नाही म्हटलं, तर फ्लॅट गेला म्हणून समजा."

त्यांचं बरोबर होतं. गप्प बसले असते तर महिनाभरात किल्ली माझ्या हातात आली असती. मला तो फ्लॅट हवा होता. किती हवा होता ते मी इथं कमी करून सांगणार नाही. मी झोपेत त्या ओट्यावर चहा करायची.

पण मला कुतूहल सोडेना. त्या बाईनं सही केली होती का? केली असेल तर कशावर? तिला कुणी वाचून दाखवलं होतं का? आणि त्याखाली एक दुसराच प्रश्न होता, तो मी तेव्हा स्वतःलाही नीट विचारला नव्हता.

मी धुळ्याहून चाळीसगावची एसटी पकडली. तिथून रिक्षानं गाव गाठलं. उन्हाळ्याचा भर होता आणि अंगणात खाटेवर पातळ कापड अंथरून अक्का ज्वारीच्या बिबड्यांचं, पापडांसारखं, वाळवण घालत होत्या. साठीच्या असतील. हात पिठानं पांढरे. मी म्हटलं, "अक्का, मी जळगावची मास्तरीण. धुळ्याला, तुमच्या माहेरच्या शेतावर झालेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेते आहे."

"ये ना बाई, बठ," त्या म्हणाल्या. "शेत ऱ्हायनं कोठे आते. बिल्डिंग शे तठे."

मी फेरफाराच्या नकला काढल्या. हक्कसोडीचं विचारलं. त्या आठवू लागल्या.

"सही? हा, करी व्हती ना. आखाजी व्हती. ताट वाढेल व्हतं. भाऊ बोलना, अक्का, आठे सही कर. मी हात धोया आनि करी दिनी."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"माले काय माहीत. भाऊ बोलना, मी करी दिनी."

मी दोन्ही फेरफार वाचून दाखवले. वाचताना मला माझाच फ्लॅट हातातून निसटताना स्पष्ट दिसत होता. माझा आवाज एकदा अडखळला. त्या पुढं वाकल्या. "बठ्ठं वाच. एक अक्षर सोडू नको," त्या म्हणाल्या. मी बिल्डरचं म्हणणंही सांगितलं, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून सही घेणार आहेत, त्या सहीनं तुमचा तिसरा हिस्सा जाईल, तुम्ही दिलात तर तो तुमच्या मर्जीनं द्यावा, आणि वकिलाला विचारून द्यावा. मी तुमची वकील नाही, उलट माझा स्वार्थ तुम्ही सही करण्यात आहे, हेही सांगितलं.

बराच वेळ त्या बिबड्यांच्या कडा बोटानं सारख्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मनं नाव तठे नई शे?"

"नाही. कमी केलंय."

"कमी." त्यांनी तो शब्द एकदा परत म्हणून बघितला. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुले बी भाऊ शे का?"

"आहे."

"तू बी सही करी दिनी का?"

मी हो म्हटलं. माझं माहेर जळगावजवळच्या एका खेड्यात, केळीच्या बागांमध्ये. वडील गेल्यावर पहिल्या आखाजीला भावानं कागद पुढं केला होता. माझ्या ताटात आमरस होता. आमचा भाऊ शिस्तीचा, त्यानं दुसऱ्याच दिवशी मला कचेरीत नेऊन दस्त नोंदवलाही होता. त्यात कायद्याची काही खोट नव्हती.

"तू त मास्तरीन शेस," अक्का म्हणाल्या. "तू वाचेल व्हतं का?"

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पायऱ्या तपासल्या होत्या. मला लाज वाटली. खरी, कान तापवणारी लाज. नाही, मी वाचलं नव्हतं. भाऊ म्हणाला आणि मी करून दिली होती.

अक्का हसल्या नाहीत. उठून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. निघताना त्यांनी त्यांचा निर्णय सांगितला. "आखाजीले मी माहेरले पोळी खावाले जासू. सही कराले नई."

पुढच्या आठवड्यात बिल्डरचा फोन आला, तो मऊ बोलणारा आवाज चढलेला होता. "मॅडम, काय केलंत तुम्ही! अक्कांनी पोळी खाल्ली, पैठणी परत दिली आणि मोठ्या भावाला विचारलं, माझा हिस्सा कुठाय. सणाच्या दिवशी घरात आग लावलीत! तुमचा फ्लॅट मी दुसऱ्याला देतो." मी फोन ठेवला. लेक माझ्यावर चिडली. मीही माझ्यावर चिडले. भाड्याच्या घराच्या जिन्याच्या पायऱ्या त्या दिवशी मोजून बघितल्या, बावन्न होत्या.

नाना आधी रागावले, मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. माझ्या फ्लॅटसाठी त्यांना तशीही जाहीर नोटीस द्यायची होती. खरेदीआधी वकील वर्तमानपत्रात देतात ती. या मिळकतीत कुणाचा हक्क, हितसंबंध असेल त्यानं चौदा दिवसांत कळवावं. या नोटिसा कुणी वाचत नाही, नोटीस छापणारासुद्धा वाचत नसावा. मी मात्र तिची एक प्रत अक्कांना पाठवली. बाराव्या दिवशी नानांच्या टेबलावर एक लखोटा आला. अक्कांनी चाळीसगावच्या एका वकिलाकडून हरकत पाठवली होती, सोबत वारसांचा फेरफार.

नानांनी तो कागद दोनदा वाचला. "चाळीस वर्षं नोटिसा छापतोय मी," ते म्हणाले. "खरं उत्तर पहिल्यांदा आलं." ते इतके खूश झाले होते की त्यांनी चहाबरोबर भजी मागवली.

आता बिल्डरची पंचाईत झाली. हरकत लेखी झाली होती. ज्या कुणाचा वकील थोडा जरी जागा असेल, त्याला ती दिसली असती. मला फ्लॅट दुसऱ्याला द्यायची धमकी देणारा तो, आता उरलेले पाच फ्लॅट कुणालाच विकू शकत नव्हता. आधी विकलेल्या फ्लॅटवाल्यांनाही बातमी लागली. मोठा भाऊ महिनाभर अक्कांशी बोलला नाही, धाकटा दोनदा गावी जाऊन आला. पावसाळा गेला. दसरा गेला. मी दर रविवारी देवपुरात जाऊन त्या कडुनिंबाखाली उभी राहायची आणि खिडकीत दुसऱ्या कुणाचा पडदा लागला नाही ना, एवढंच बघून परत यायची.

दिवाळीनंतर जमलं. जमिनीच्या बदल्यात भावांना बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळाले होते, त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा एक अक्कांनी मागितला आणि मिळवला. कॉलेजच्या पोरींना भाड्यानं देणार म्हणाल्या. त्या फ्लॅटचा दस्त त्यांच्या नावे आणि त्यांचं पुष्टीपत्र बिल्डरच्या नावे, दोन्ही एकाच दिवशी नोंदवायचं ठरलं. पुष्टीपत्र म्हणजे भावांनी केलेला विकसन करार आणि त्याखाली झालेली, होणारी फ्लॅटची विक्री बहिणीला मान्य आहे, तिच्या हिश्शापुरतीसुद्धा, असं तिनं नोंदवून देणं. त्यानं सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या पायाखालची फट बुजली. अक्कांची हरकत येईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना अशी फट होती, हेच माहीत नव्हतं.

नोंदणीच्या दिवशी मी गेले होते. माझं काही काम नव्हतं, माझा करार दोन दिवसांनी होता. कुतूहल होतं. अक्का नवं लुगडं नेसून आल्या होत्या, सोबत त्यांचा वकील. भाऊ कचेरीतल्या बाकावर दोन टोकांना बसले होते. कॅमेऱ्यात फोटो झाला, यंत्रावर अंगठा झाला, ओळखदारांनी ओळख पटवली. अधिकाऱ्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "मजकूर वाचलाय ना? मान्य आहे?"

"तीनदाव वाची लिधं," अक्का म्हणाल्या. "आते चवथांदाव तुमी वाचा."

मागे रांग होती. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, मग अक्कांकडे बघितलं, आणि वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. अक्कांचं पूर्ण नाव आलं तिथं त्यांनी मान हलवली. धाकट्या भावाचे डोळे भरले होते. मोठा छताकडे बघत होता. संपल्यावर अक्कांनी सही केली. अक्षर मोठं, सावकाश, एकेक काना नीट देऊन.

दोन दिवसांनी त्याच खुर्चीत मी बसले आणि फ्लॅट माझा झाला. इंडेक्स टूची प्रत हातात आली, त्यावर माझं नाव होतं. मी ती घरी नेली, ओट्यावर चहा केला आणि सगळा दस्त पहिल्यापासून वाचला. नानांचा टायटल रिपोर्टही वाचला, त्यात त्या चार गायब पानांची नोंद होती, जशीच्या तशी. दस्तात एक चूक सापडली, पिनकोडची. मला बरं वाटलं.

मग भावाला फोन लावला. तो शेतात होता, मागं पाण्याचा आवाज येत होता. त्यानं नव्या घराबद्दल विचारलं, वास्तुशांतीला कधी यायचं ते विचारलं. तो चांगला माणूस आहे, हे मी आजही म्हणते.

"भाऊ," मी म्हटलं, "वडील गेल्यावर आखाजीला मी सही केली होती, त्या दस्ताची प्रत आहे ना तुझ्याकडं? मला पाठव."

त्यानं गड्याला पंप बंद करायला सांगितलं. पाण्याचा आवाज थांबला.

"आता काय करायचंय अक्का त्याचं?"

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "वाचायचाय."